सहा दिवसांचं कार्ड

गल्लीत त्यांना सगळे गाठवाले म्हणत. दुकान बटणं, लेस, अस्तर, चेन आणि दोऱ्यांचं, पण प्रसिद्ध होती ती मालकांची गाठ. अस्तराची घडी कागदात गुंडाळून वरून सुतळीची अशी काही गाठ मारायचे, की ती घरी जाऊन सोडवताना गिऱ्हाइकाच्या नाकी नऊ यायचे. "पुडकं घरापर्यंत सुटलं तर पैसे परत," असं ते छाती पुढे काढून सांगायचे. आजवर एकही सुटलं नव्हतं. त्या गाठीनंच पुढे घात केला, पण ते नंतर.

दुकानात माणसं दोन. एक ते स्वतः आणि दुसरी मावशी. मावशी कुणाचीच मावशी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा कुणीतरी तसं म्हटलं आणि ते चिकटलं. कुठल्याही ब्लाउजचा तुकडा दाखवा, मावशी मान वर न करता नेमका त्याच रंगाचा दोरा काढून द्यायची. गाठवाल्यांना निळे आणि जांभळे एकच दिसायचे. हे गल्लीला माहीत होतं, गाठवाल्यांना मान्य नव्हतं.

गल्ल्यावर एक कात्री दोरीला बांधलेली असायची, लेस आणि अस्तर कापायला. ती इतकी बोथट झाली होती, की कापण्यापेक्षा चावायची जास्त. मावशी दोन वर्षं मागे लागली होती, "दादा, हिला धार लावून आणा हो. आणता येत नसेल तर मी नेते." गाठवाले म्हणायचे, "बघू." त्यांचं बघू म्हणजे विषय संपला. मग एखादं बडं गिऱ्हाईक आलं, की ते काचेच्या कपाटातून विक्रीची नवीकोरी कात्री काढायचे, शिंपी वापरतात ती मोठी, जड, आणि ऐटीत सर्रकन लेस कापून दाखवायचे. "बघा, लोण्यासारखी!" गिऱ्हाईक लेस न्यायचं. कात्री कुणी विकत घेतलेली मात्र फारशी पाहण्यात नाही.

तर, या कपाटातल्या कात्र्या कमी व्हायला लागल्या. आधी एक. मग महिन्याभरानं दुसरी.

गाठवाल्यांनी आधी कपाट शोधलं, मग घर शोधलं, आणि मग, माणसाचं मन कसं चालतं बघा, तिसऱ्याच दिवशी दुकान बंद करताना मावशीला म्हणाले, "मावशी, जाताना पिशवी जरा दाखवत जा. तुमच्यावर संशय नाही हो. एक पद्धत म्हणून." तेव्हा दोन गिऱ्हाइकं समोर होती, आणि पलीकडचा छत्रीवालाही दारात उभा होता. मावशीनं पिशवी पालथी केली. चष्म्याचं घर, रिकामा डबा, रुमाल. मग एकेक वस्तू परत आत भरली आणि गेली. पुढे रोज संध्याकाळी तिनं न सांगता पिशवी पालथी केली. गाठवाल्यांना त्याची लाज वाटायची, पण पद्धत सुरू केल्यावर बंद कशी करायची हे त्यांना कळेना.

पंधरा दिवस झाल्यावर मावशी म्हणाली, "दादा, हे पुरे. कॅमेरा बसवा. माझ्यावरच रोखून बसवा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. बावीस वर्षांत मी तुमची टाचणी नेली नाही, आणि आता गल्लीतली पोरंसोरं मला 'कात्रीवाली' म्हणतात."

ती हे बोलताना रडली नाही. रडली असती तर गाठवाल्यांना बरं वाटलं असतं, समजूत घालता आली असती.

कॅमेरा घ्यायला तिघं गेले. गाठवाले, त्यांची बायको आणि बायकोचा भाऊ. हे मेहुणे म्हणजे जगातल्या यच्चयावत वस्तूंबद्दल मत असलेला माणूस. कॅमेरेवाल्यानं दोन डबे पुढ्यात ठेवले.

"हा कार्डवाला," तो म्हणाला. "आत चौसष्ट जीबीचं कार्ड बसतं. दिवसरात्र रेकॉर्डिंग होतं, कार्ड भरलं की सगळ्यात जुनं आपोआप पुसून त्यावर नवीन. साधारण सहा दिवसांचं राहील. समोर माणसांची हालचाल जास्त असेल तर फाइल मोठ्या होतात, मग दिवस कमी. इंटरनेट नसलं तरी चालतो. बघायचं असेल तेव्हा कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा. एकदा घेतला की झालं."

"आणि हा?"

"हा क्लाउडवाला. समोर काही हललं की तेवढा तुकडा इंटरनेटवरून कंपनीकडे जातो. महिनाभर तिथे राहतो. चोरानं कॅमेरा उपटून नेला तरी आधीचं सगळं शाबूत. घरच्या सगळ्यांच्या मोबाइलवर दिसतं. पण दुकानात इंटरनेट हवं, आणि दरमहा फी. इंटरनेट बंद पडलं तर तेवढ्या वेळाचं जातं. फी थांबली की जुनं बघणंही बंद."

"क्लाउडच घ्या," बायको म्हणाली. "कात्री गेल्याचं तुम्हाला कधी आठ दिवसांनी कळतं, कधी महिन्यानं. सहा दिवसांचं कार्ड घेऊन काय ओवाळायचंय?"

"दाजी, ताई बरोबर बोलतेय," मेहुणे म्हणाले. इथेच माशी शिंकली. मेहुण्यांनी दुजोरा दिलेली गोष्ट करायची नाही, हा गाठवाल्यांचा लग्नापासूनचा नेम होता.

"माझ्याच दुकानाचं चित्र, आणि ते बघायला मी दर महिन्याला परक्याला भाडं भरू? आणि माझ्या दुकानात काय घडतं ते ढगात ठेवायचं? आपलं ते आपल्याजवळ बरं." त्यांनी कार्डवाला डबा उचलून काखेत मारला. खरी गोष्ट अशी, की दुपारी दोन ते तीन ते खुर्चीत घोरायचे, आणि ते बायकोच्या मोबाइलवर जावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण हे काही ते बोलले नाहीत.

घरी दारात चपला काढताना बायको एवढंच म्हणाली, "मावशींसाठी घेतलाय, हे विसरू नका म्हणजे झालं."

कॅमेरेवाला येऊन कॅमेरा लावून गेला. आपल्या मोबाइलवरून तारीख-वेळ लावली, कार्ड घातलं. गाठवाल्यांनी तोंड मावशीच्या बाजूला करायला लावलं. "काळजी करू नका," तो म्हणाला, "याची नजर रुंद आहे. कुठेही लावा, दोघंही येणार." गाठवाले म्हणाले, "माझं काय, मी मालकच आहे." मावशीनं कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. आठ दिवसांनी कळून उपयोग नाही हे तिलाही ऐकून माहीत झालं होतं, म्हणून तिनं आपणहून ठरवलं, की दर शनिवारी संध्याकाळी दोघांनी मिळून कात्र्या मोजायच्या. म्हणजे बायकोनं काढलेली खोट मावशीनं भरून काढली, आणि गाठवाल्यांना वाटलं, आपलाच निर्णय बरोबर होता.

चार शनिवार कात्र्या बरोबर भरल्या. पाचव्या शनिवारी एक कमी.

मावशीचा चेहरा उजळला. हो, उजळला. एरवी चोरी झाल्यावर असा चेहरा कुणाचा होत नसेल. "काढा कार्ड, दादा!" ती म्हणाली. "गेल्या शनिवारी होती. म्हणजे सहा दिवसांतलीच गोष्ट. सापडला!" तिनं त्या दिवशी पिशवी पालथी केली नाही, आणि गाठवाल्यांनीही विचारलं नाही.

रविवारी दुकान बंद. दुपारी बायको माहेरच्या कुणाकडे गेलेली. गाठवाल्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. तारखेची फोल्डरं, त्यात तासांची, त्यात एकेका मिनिटाचे तुकडे. मावशी लेस मोजतेय, मावशी शिडीवर चढतेय, मावशी एकटीच डबा खातेय. भरभर पुढे ढकलत ते शुक्रवारपर्यंत आले. शुक्रवार, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं.

चित्रात एक जाडसर बाई. लग्नाच्या घाईत असावी, हातात यादी. गाठवाले, म्हणजे चित्रातले, कपाट उघडतात. नवी कात्री काढतात. सर्रकन लेस कापतात. मान तिरकी करून हसतात, बहुतेक "लोण्यासारखी" म्हणत असावेत. कात्री अस्तराच्या घडीवर ठेवतात. बाई काहीतरी विचारते, ते वळून वरच्या फळीवरून बटणांचं पाकीट काढतात, ते कात्रीच्या वर ठेवतात, त्यावर अस्तराचा दुसरा तुकडा, आणि मग सगळं कागदात गुंडाळून सुतळीनं बांधतात. गाठ मारतात. गाठ ओढून बघतात. बाई पुडकं घेऊन निघून जाते.

गाठवाल्यांनी ते पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा कात्री आतच गेली.

"अरे देवा," ते मोठ्यांदा म्हणाले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

त्यांना आधीच्या दोन कात्र्याही आठवल्या. म्हणजे काही आठवलं नाही, पण काय झालं असणार हे कळलं. ती बाई कोण, कुठली, देव जाणे. लग्नसराईत दिवसाला पन्नास अनोळखी चेहरे. आणि त्या दोघीतिघींनी तरी घरी जाऊन गाठ कापताना आत कात्री सापडल्यावर काय समजलं असेल? दुकानदारानं भेट दिली, असंच.

आता करायला हवं ते सरळ होतं. मावशीला बोलवायचं, कार्ड लावायचं, हात जोडायचे. पण मग तो छत्रीवाला. मग ती गिऱ्हाइकं, ज्यांच्यासमोर पिशवी पालथी झाली. मग मेहुणे! मेहुणे तर ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगणार, वर हातवारे करून. त्यांनी तो तुकडा कॉपी करून ठेवायला माउस नेला आणि परत आणला. पुसून टाकायलाही नेला आणि परत आणला. पुसणं म्हणजे पाप. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पुसायची गरजच नाही. कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं, की ते आपणहून पुसलं जाणार. त्यांनी बोटांवर मोजलं. शुक्रवारचं म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत. त्यांना काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि मनात आलं, की आपण सांगणारच आहोत, फक्त जरा हिंमत गोळा करून. शुक्रवारपर्यंत वेळ आहे की.

सोमवारी मावशी दहा मिनिटं आधी आली होती. "काय दिसलं, दादा?"

"अजून सगळं बघून नाही झालं," गाठवाले म्हणाले आणि स्टुलावर चढून कार्ड कॅमेऱ्यात घातलं. "डोळे दुखायला लागले. बघतो हळूहळू."

"कार्ड इथे घातल्यावर कसं बघणार?"

"बघतो ना म्हटलं!"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना जांभळ्या दोऱ्याची अचानक फार काळजी वाटायला लागली, म्हणून ते दोऱ्याच्या खोक्यात डोकं घालून बसले.

मंगळवारी तिनं विचारलं. बुधवारी विचारलं नाही. बुधवारी संध्याकाळी तिनं पिशवी पुन्हा पालथी केली आणि म्हणाली, "दादा, शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर शनिवारपासून मी येत नाही. लोकांना काय वाटायचं ते वाटो, पण रोज पिशवी झटकून घरी जायचं, हे माझ्याच्यानं होत नाही आता."

त्या रात्री गाठवाल्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मावशीशिवाय दुकान, हा विचारच त्यांना कधी शिवला नव्हता. निळं कुठलं आणि जांभळं कुठलं, हे सांगणार कोण? आणि ते जाऊ दे, त्यांच्या आईच्या आजारपणात महिनाभर दुकान एकटीनं कुणी सांभाळलं होतं? या कुशीवरून त्या कुशीवर करत त्यांनी ठरवलं. सांगायचं. हसू दे मेहुण्यांना, खुशाल हसू दे.

गुरुवारी दुपारी ते कार्ड काढून घरी धावले. शुक्रवारचं फोल्डर उघडलं. पहिला तुकडा संध्याकाळी चार वाजून बारा मिनिटांचा.

सकाळ नव्हती. सकाळचे सगळे तास गेले होते.

त्यांनी कॅमेरेवाल्याला फोन लावला. "लग्नसराई आहे ना, मालक," तो म्हणाला. "दिवसभर गर्दी. हालचाल जास्त, फाइल मोठ्या, दिवस कमी. मी सांगितलं होतं तुम्हाला. नुसतं पुसलेलं असतं तर प्रयत्न केला असता, पण त्यावर नवीन लिहिलं गेलं की ते गेलंच." मग जरा थांबून, "क्लाउडवाला दाखवू का?"

गाठवाल्यांनी फोन ठेवला. घाम पुसला. आणि तरीही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, ते मागे फिरले नाहीत. बायकोला बरोबर घेतलं. नेमके मेहुणे आलेले होते, तेही निघाले. दुकानात येऊन, छत्रीवाला दारात असताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मावशी, कात्री मीच गुंडाळली. गिऱ्हाइकाच्या अस्तरात. तिन्ही तशाच गेल्या असणार. तुमचा काही दोष नाही. मी चुकलो."

मेहुणे पुढे झाले आणि त्यांनी गाठवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी," ते म्हणाले, "मानलं तुम्हाला. एवढं मोठं मन!"

"मन कसलं डोंबलाचं? खरंच मीच—"

"राहू दे, दाजी. आम्हाला कळतं." मेहुण्यांनी मावशीकडे अशा नजरेनं बघितलं, की बघा, कसा देवमाणूस मालक मिळालाय.

छत्रीवाला दारातून म्हणाला, "असे मालक आता राहिले नाहीत." बायकोचे डोळे ओले झाले होते. तीस वर्षांत तिनं नवऱ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"दाखवा मग कार्डात," मावशी म्हणाली.

"पुसलं गेलं."

मेहुण्यांनी सुस्कारा सोडला. अगदी हेच अपेक्षित होतं असा.

मावशीचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "दादा, माझ्यासाठी खोटं नका बोलू. दया नकोय मला. मी घेतलीच नाही, तर तुम्ही आपल्यावर ओढून का घेताय? आता तर सगळ्यांना वाटणार, मालकानं चोरी पोटात घातली."

"अहो, खोटं नाही! मी डोळ्यांनी पाहिलं. शुक्रवारी सकाळी, अकरा वाजून सात मिनिटं. घरी, कॉम्प्युटरवर."

"कधी पाहिलंत?"

"रविवारी," गाठवाले बोलून गेले.

मावशीनं क्षणभर हिशेब जुळवला. "मग सोमवारी मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत?"

गाठवाल्यांनी तोंड उघडलं. बायको बघत होती, मेहुणे बघत होते. "डोळे दुखत होते," हे पुन्हा म्हणता येईना, आणि दुसरं काही सुचेना. ते खाली बघू लागले. गल्ल्याची लाकडी कड, त्यावर सुतळीचे तुकडे. त्यांचे कान लालबुंद झाले.

मावशीनं ते लाल कान पाहिले. मग तिचा आवाज एकदम साधा झाला, रोज दोऱ्याचा नंबर सांगताना असायचा तसा.

"पटलं," ती म्हणाली. "खरं बोलताय तुम्ही."

तिनं पिशवी घेतली. चष्म्याचं घर, डबा, रुमाल, सगळं एकेक करून आत ठेवलं, आणि या वेळी पालथी न करता खांद्याला लावली. कुणी अडवलं नाही. मेहुण्यांचा हात दाजींच्या खांद्यावरून केव्हा निघाला होता, ते कळलंही नाही. बायको मावशीमागोमाग दारापर्यंत गेली आणि "अहो मावशी" एवढंच म्हणून तिथेच थांबली. परत आली तेव्हा तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं. सव्वा मीटर लेस हवी होती. गाठवाल्यांचा हात सवयीनं कपाटाकडे गेला आणि तिथून परत आला. त्यांनी दोरीची कात्री ओढली आणि दोन्ही हातांनी जोर लावला.

लेस सर्रकन कापली गेली. जोर फुकट गेला, कात्रीचं टोक गल्ल्यावर आपटलं. त्यांनी पातं बोटावर धरून बघितलं. मावशीनं धार लावून आणली होती. कधी, ते त्यांना माहीत नव्हतं. विचारायला दुकानात कुणी नव्हतं.

"केवढी छान चालते हो तुमची कात्री," गिऱ्हाईक म्हणालं.

"हो," गाठवाले म्हणाले. त्यांनी लेस कागदात गुंडाळली, सुतळी घेतली, आणि गाठ मारण्याआधी पुडकं उघडून आत बघितलं. मग पुन्हा एकदा उघडून बघितलं. वर कॅमेऱ्याचा लहानसा दिवा लागलेला होता, पण कार्ड घरी कॉम्प्युटरलाच राहिलं होतं.